उसाच्या चरकाला मोटार जोडताना: पट्ट्याच्या लांबीच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२५, इंदूर

अप्पांच्या रसवंतीचा जुना चरक आजवर डिझेल इंजिनावर चालत होता. इंजिन आता कायमचं बसलं. त्याच्या जागी दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार लावायची आणि रंगपंचमीच्या गेरीआधी, म्हणजे १९ मार्चपूर्वी, चरक सुरू करायचा असं ठरलं आहे. त्या दिवशी राजवाड्याकडून परतणारी गर्दी पाहिली की अप्पांची घाई समजते. चरकाचे रूळ, दातचक्रं आणि घुंगरं ठीक आहेत. खरं काम मोटार आणि चरक यांमधल्या पट्ट्याचं आहे, म्हणून या नोंदी फक्त त्याच्याच.

चरकाच्या शाफ्टवर १६ इंची, दोन खाचांची पुली आहे. मोटारीवर साडेतीन इंची, तीही दोन खाचांची. पट्टा व्ही आकाराचा, ए सेक्शनचा, म्हणजे वरची रुंदी १३ मि.मी. आणि जाडी ८ मि.मी. एवढ्या लहान पुलीवर एकटा ए पट्टा दीड अश्वशक्ती नीट ओढेल असं वाटत नाही, म्हणून दोन.

मोठी पुली कॅलिपरमध्ये मावत नाही. तिच्या कडेभोवती कापडी नव्हे, पोलादी टेप गुंडाळला. परीघ १२७५ मि.मी. भरला, त्याला ३.१४१६ ने भागलं तर व्यास ४०६ आला. लहान पुली कॅलिपरने ८९.

दोन केंद्रांमधलं अंतर मोजायला केंद्रावर टेप टेकवून बघू नका. शाफ्टचं नेमकं केंद्र कुठे आहे हे नजरेला कळत नाही आणि दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. दोन्ही शाफ्टच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या कडांमधली मोकळी जागा मोजा आणि तीत दोन्ही शाफ्टचे अर्धे व्यास मिळवा. आमच्याकडे मोकळी जागा ४५०.५ होती. मोटारीचा शाफ्ट २४ चा, त्याचे १२. चरकाचा ३५ चा, त्याचे १७.५. एकूण ४८०. ही मोटार चौकटीतल्या सरकवायच्या खाचांच्या मध्यावर असतानाची जागा.

१९ फेब्रुवारी

वेल्डिंगवाल्या उस्तादांनी त्यांची पद्धत सांगितली: "भिया, सुतली घुमाओ और नाप लो." सुतळी दोन्ही पुल्यांभोवती खाचेतून फिरवली, गाठ मारली, सोडून टेपवर धरली. साडेसदुसष्ट इंच. पट्टा वापरात ताणला जातोच, तेव्हा अर्धा इंच कमीच बरा, असं म्हणून उस्तादांनी ए-६७ ची जोडी आणवली.

ती चढली नाही. मोटार खाचांमध्ये चरकाकडे जितकी ढकलता येईल तितकी ढकलली, तरी पट्टा मोठ्या पुलीच्या कडेशी येऊन अडतो. उस्ताद टॉमी म्हणजे लोखंडी सळई घालून पुली फिरवत पट्टा चढवायला निघाले होते, मी थांबवलं. टॉमीने ओढून चढवलेल्या पट्ट्याला बाहेरून काही होत नाही. आतले धागे तुटतात, आणि तो पट्टा काही दिवसांनी एका बाजूला वळून खाचेत उलटा पडायला लागतो.

सुतळीत चूक कुठे होते ते खाचेत बोट घालून पाहिलं की लगेच कळतं. सुतळी खाचेच्या तळाशी जाऊन बसते. पट्टा तळाला टेकतच नाही, किंबहुना टेकता कामा नये. तो खाचेच्या तिरप्या भिंतींवर अडकून बसतो, त्याची पाठ पुलीच्या कडेच्या जवळपास बरोबरीने असते. आमच्या पुलीची खाच साधारण १२ मि.मी. खोल आहे आणि पट्टा ८ मि.मी. जाड, म्हणजे पट्ट्याच्या पोटाखाली चार मिलिमीटरची पोकळी. दोन्ही पुल्यांवर मिळून तेवढ्याने परिघात सुमारे २५ मि.मी. फरक पडतो, जवळजवळ एक इंच. त्यात "ताणला जातोच" म्हणून अर्धा इंच आणखी कमी धरला.

२० फेब्रुवारी, रात्री

आज गणित. सूत्र सोपं आहे. `D` मोठ्या पुलीचा व्यास, `d` लहान पुलीचा, `C` केंद्रांमधलं अंतर:

```
L = 2*C + 1.5708*(D + d) + (D - d)^2 / (4*C)
```

पहिला भाग म्हणजे जाताना आणि येतानाचा पट्टा, दुसरा म्हणजे दोन्ही पुल्यांचे अर्धे-अर्धे परीघ. तिसरा भाग पुल्या लहानमोठ्या असल्यामुळे पडणाऱ्या फरकाची भरपाई. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर तो शून्य होतो. आमच्याकडे एक पुली दुसरीच्या जवळजवळ पाचपट आहे, त्यामुळे तो गाळून चालणार नाही.

आता व्यास कुठला घ्यायचा? वळताना पट्ट्याची पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, आणि मधल्या एका रेषेची लांबी तेवढीच राहते. पट्ट्यातले धागे त्याच रेषेवर असतात. ए सेक्शनला ही रेषा पुलीच्या कडेपासून सुमारे ३ मि.मी. आत धरली, म्हणून दोन्ही व्यासांतून सहा-सहा वजा केले. ४०६ चे ४०० झाले, ८९ चे ८३.

९६० अधिक १.५७०८ गुणिले ४८३, म्हणजे ७५८.७. तिसरा भाग: ३१७ चा वर्ग भागिले १९२०, म्हणजे ५२.३. बेरीज १७७१ मि.मी.

हे सूत्र अंदाजी आहे. पुल्यांमध्ये एवढा फरक असताना त्यावर किती विसंबायचं ही शंका होती, म्हणून अचूक सूत्रानेही काढून पाहिलं:

```
L = 2*sqrt(C^2 - ((D-d)/2)^2) + 1.5708*(D+d) + (D-d)*asin((D-d)/(2*C))
```

इथे `asin` चं उत्तर रेडियनमध्ये हवं. अंशांत ठेवलं तर पट्टा पावणेआठ मीटरचा निघतो, म्हणजे चूक लपून तरी राहत नाही. अचूक उत्तर १७७१.५ आलं. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, आणि आमचा टेपच तेवढा खरा नाही. पुल्या एकमेकींना अगदी खेटून असतील तरच मोठ्या सूत्राच्या वाटेला जावं, एरवी पहिलं पुरे.

२२ फेब्रुवारी

सियागंजातल्या पट्ट्यांच्या दुकानात १७७१ सांगून उपयोग नाही. तिथे नंबर चालतो, आणि ए-६८ मधले ६८ म्हणजे पट्ट्याच्या आतल्या बाजूची लांबी, इंचांत. सूत्रातून आलेली आपली लांबी मधल्या रेषेची. ए सेक्शनला आतल्या लांबीत ३६ मि.मी. मिळवले की मधल्या रेषेची लांबी येते. (काही तक्त्यांत ३३ असतात. तीन मिलिमीटरने नंबर बदलत नाही.) म्हणून १७७१ मधून ३६ गेले, १७३५ उरले. २५.४ ने भागले, ६८.३ इंच.

दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी कागद न पाहता दुसऱ्या वाटेने पडताळून दिलं. पुलीचे बाहेरचे व्यासच सूत्रात घाला, म्हणजे पट्ट्याच्या पाठीची लांबी येते, आणि ए पट्ट्याला त्यातून दोन इंच काढा. बी असेल तर तीन. ४०६ आणि ८९ घालून १७९० मि.मी. आले, म्हणजे साडेसत्तर इंच, वजा दोन, साडेअडुसष्ट. पट्टा ८ मि.मी. जाड, त्यामुळे पाठ आणि पोट यांच्या परिघात ५० मि.मी. फरक, तेच ते दोन इंच. ही पद्धत मला जास्त आवडली, कारण बाहेरचा व्यास कुणालाही मोजता येतो.

आता ६८ घ्यायचा की ६९? कागदावर ६८ जवळचा दिसतो. पण प्रश्न खरा असा विचारायला हवा: हा पट्टा घातला तर मोटार कुठे जाऊन उभी राहील? त्यासाठी सूत्र उलटं फिरवावं लागतं:

```
B = L - 1.5708*(D + d)
C = ( B + sqrt(B^2 - 2*(D - d)^2) ) / 4
```

ए-६८ ची मधली लांबी १७६३. `B` आला १००४.३, आणि `C` ४७५.८. ए-६९ साठी `C` ४८९.३. आणि परवा न चढलेल्या ए-६७ साठी ४६२.४.

चौकटीत मोटार सरकवायला ४० मि.मी. लांबीच्या खाचा आहेत, म्हणजे मध्यापासून वीस अलीकडे, वीस पलीकडे. त्या हिशेबाने `C` ४६० ते ५०० हवा आणि ६७ नंबरही दोन मिलिमीटर राखून बसायला हवा होता. बसला नाही, हे तर डोळ्यांनी पाहिलं आहे. घरी येऊन पुन्हा टेप लावल्यावर उलगडा झाला. मोटार चरकाच्या समोर नाही, खाली आहे. शाफ्ट ते शाफ्ट उभं अंतर ३०० मि.मी. आणि आडवं ३७५. खाचा आडव्या, पण केंद्रांना जोडणारी रेषा तिरपी. मोटार आडवी एक मिलिमीटर सरकली की केंद्रांमधलं अंतर एक मिलिमीटर बदलत नाही, सुमारे पाऊण मिलिमीटरच बदलतं.

पुन्हा मांडलं. आडवं अंतर ३५५ ते ३९५ मिळतं, त्यातून `C` ४६५ ते ४९६. म्हणजे चाळीसच्या खाचांतून हाती येतात फक्त एकतीस. ए-६७ ला ४६२.४ हवे होते. अडीच मिलिमीटर कमी पडत होते, आणि तेही पट्टा ताठ बसवायला, चढवण्याची ढील तर वेगळीच.

चढवण्यासाठी केंद्रं पट्ट्याच्या लांबीच्या दीड टक्का जवळ आणता यावीत, आणि पुढे ताण देण्यासाठी तीन टक्के लांब नेता यावीत, असा पट्टेवाल्यांचा नियम आहे. आमच्या पट्ट्याला ते २६ आणि ५३ होतात. त्यावर दोन्ही नंबर घासून पाहिले. ए-६९ सहज चढेल, कारण ४८९ वरून ४६५ पर्यंत मागे येता येतं. पण ताण द्यायला पुढे फक्त सात मिलिमीटर उरतात आणि महिन्याभरात मोटार खाचेच्या टोकाला. ए-६८ ला ताणायला वीस आहेत, पण चढवायला अकराच. आहे तशी चौकट दोघांनाही अपुरी.

काकांनी ए-६७ ची न वापरलेली जोडी परत घेतली आणि वरचे पैसे घेऊन ए-६८ ची दिली. दोन्ही पट्टे एकाच खेपेचे आहेत का हे त्यांनी स्वतः पाहून दिलं. नंबर एकच असला तरी दोन पट्टे मिलिमीटर-दोन मिलिमीटरने लहानमोठे निघतात, आणि मग आखूड असलेला सगळा भार घेतो, दुसरा नुसता सोबत फिरतो. याच कारणाने एक तुटला म्हणून एकच नवा घालत नाहीत.

१ मार्च

खाचा वाढवल्या. चरकाकडच्या बाजूला वीस मि.मी., म्हणजे आडवं अंतर ३३५ पर्यंत आणि `C` ४५० पर्यंत येतो. पट्टा चढवायला हवे होते ते सव्वीस मिळाले. बाहेरच्या बाजूला नियमाप्रमाणे आडवे ४३६ लागत होते. चौकटीचा लोखंडी अँगल ४२० लाच संपतो, म्हणून तिथेच थांबलो. त्यातून `C` ५१६, ताणायला चाळीस. त्रेपन्न नाहीत, पण पट्टा तेवढा ताणला जाण्याआधी बदलायलाच येतो.

उस्ताद गॅसने कापणार होते. गॅसच्या खाचेला कड राहत नाही, वॉशर त्यावर तिरका बसतो आणि मोटार थरथरत सरकते. ओळीने भोकं पाडून मधलं कानशीने काढायला लावलं. अर्धा दिवस गेला, मजुरीचे सहाशे. अप्पांनी पैसे दिले, पण "पट्ट्याहून खाच महाग!" हे चारचौघांत दोनदा सांगून झालं आहे.

५ मार्च

मोटार पूर्ण आत ढकलली आणि दोन्ही पट्टे हातांनी चढले. टॉमी नाही, पेचकस नाही. मग मोटार बाहेर ओढत ताण दिला.

ताण किती, याला माप आहे. दोन पुल्यांमधला पट्ट्याचा सरळ भाग मोजला, ४४८ मि.मी. दर शंभर मिलिमीटरला सुमारे दीड मिलिमीटर दबायला हवं, म्हणजे मध्यावर अंगठ्याने बऱ्यापैकी जोर दिला की सात. कडेला पट्टी धरून पाहिलं. त्या ताणावर केंद्रांमधलं अंतर ४७७ भरलं. गणित ४७५.८ सांगत होतं.

मोटार सुरू केली तर चरक उलटा. घुंगरं वाजताहेत आणि ऊस बाहेर फेकला जातोय. शेजारच्या दुकानदाराने पट्टा आठाच्या आकड्यासारखा फुली मारून घालायला सुचवलं. इंजिनाच्या काळात इथे चपटा पट्टा तसाच असायचा म्हणे. चपट्याला ते चालतं. व्ही पट्टा मध्ये एकमेकांवर घासून जळतो. शिवाय फुलीच्या पट्ट्याची लांबीही वेगळी: तिसऱ्या भागात व्यासांची वजाबाकी जाऊन बेरीज येते. आमच्या पुल्यांना तो ५२ ऐवजी १२१ झाला असता, म्हणजे पट्टा जवळजवळ तीन इंच लांब हवा. इलेक्ट्रिशियनने वीज बंद करून मोटारीच्या स्टार्टिंग वाइंडिंगच्या दोन तारा अदलाबदल केल्या. पाच मिनिटांचं काम.

चरकाचा शाफ्ट आता मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतो. १४४० गुणिले ८३ भागिले ४००.

९ मार्च

ऊस घालून चालवला. एकेक कांडं असताना काही नाही. अप्पांनी सवयीने दुमडलेला चोथा आणि लिंबू-आल्यासकट तीन कांडी एकदम कोंबली, तेव्हा पट्टा किंचाळला. थांबवून हात लावला: मोठी पुली गार, लहान पुली चटका बसेल इतकी गरम, खाली काळी भुकटी. पट्टा घसरतो तो नेहमी लहान पुलीवर. त्याची मिठी तिथे कमी असते. आमच्या मापांना लहान पुलीवर पट्टा १४१ अंशच टेकतो, अर्ध्या वर्तुळाच्याही आत.

पट्टा आखूड वा लांब असल्याचा हा दोष नव्हता. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत खोल बसतो आणि ढिला पडतो. दाबून पाहिलं तर सातऐवजी अकरा-बारा दबत होता. मोटार बाहेर घेऊन पुन्हा सातावर आणला. अंतर आता ४८०, म्हणजे तीन मिलिमीटर गेले. परत तीन कांडी, आवाज नाही.

पट्ट्यावर रस उडतो आणि वाळून चिकट होतो. सुरुवातीला त्याने पकड वाढल्यासारखी वाटते, मग त्यावर धूळ बसून खाच झिजते. ओल्या फडक्याने पुसायचं, मोटार बंद असताना. पकड यावी म्हणून राळ चोळायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ढिला पट्टा राळेने ताठ होत नाही.

१५ मार्च

जाळी बसवली. रसवंतीवर पोरं बोटं घालतातच, त्यामुळे ही पहिल्याच दिवशी हवी होती. पहिली जाळी मोटारीला घासेल इतकी जवळ बेतली गेली होती. मोटार आणखी ४५ मि.मी. बाहेर जाऊ शकते हे धरून दुसरी केली, आणि बोल्ट सैल करायला पाना शिरेल अशी खिडकी ठेवली.

चौकटीवर रंगाने तीन खुणा केल्या आहेत: पट्टा चढवायची जागा, आजची जागा, आणि अँगलचं टोक. मोटार तिसऱ्या खुणेला पोचली की अप्पांनी पट्टा दुकानात नेऊन दाखवायचा नाही, कारण ताणलेला पट्टा मोजला तर पुढचा नंबर लांब निघेल. जाळीच्या आतून ए-६८, जोडी, असं लिहून ठेवलं आहे.